ग्लुकोमीटरच्या पट्ट्या : जीओडी, जीडीएच आणि माल्टोजचा घोळ

शुगर तपासायच्या पट्टीच्या टोकाला वाळवलेलं एन्झाइम असतं, ते रक्तातल्या ग्लुकोजमधून इलेक्ट्रॉन काढतं, ते इलेक्ट्रॉन मेडिएटर नावाच्या रसायनामार्फत इलेक्ट्रोडवर जातात आणि जेवढा करंट वाहतो त्यावरून मीटर आकडा दाखवतं. म्हणजे मीटर साखर ‘बघत’ नाही, फक्त करंट मोजतं, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

एन्झाइम मुख्यतः दोन प्रकारची. ग्लुकोज ऑक्सिडेज (जीओडी) ग्लुकोजच्या बाबतीत भलतंच चोखंदळ, माल्टोज नावाच्या दुसऱ्या साखरेला जवळपास विचारतही नाही, पण त्याला ऑक्सिजनची सवय आहे. रक्तात ऑक्सिजन जास्त असला, उदा. पेशंटला ऑक्सिजन लावलाय, तर इलेक्ट्रॉन मेडिएटरऐवजी तिकडे जातात आणि रीडिंग खरं आहे त्यापेक्षा कमी येतं, ऑक्सिजन कमी असेल तर उलट. ग्लुकोज डिहायड्रोजनेज (जीडीएच) ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देत नाही, त्यामुळे ही कटकट सुटते, पण त्याला काम करायला एक जोडीदार रेणू लागतो, एनएडी, एफएडी किंवा पीक्यूक्यू, आणि यातलं जुनं पीक्यूक्यू वालं एन्झाइम माल्टोज आणि गॅलॅक्टोजलाही ग्लुकोज समजून चालतं. एफएडी वाल्याला माल्टोज चालत नाही पण झायलोज गंडवू शकतो.

आता माल्टोज रक्तात येतो कुठून? खाण्यातून नाही, कारण आतड्यातच त्याचे तुकडे होऊन ग्लुकोज बनतं. खरी अडचण पोटाच्या डायलिसिसमध्ये आहे. रात्रभर पोटात ठेवायच्या आयकोडेक्स्ट्रिन द्रवाचा काही भाग रक्तात शोषला जातो, तिथलं अमायलेज तो तोडून माल्टोज बनवतं आणि पुढे त्याला तोडणारं एन्झाइम रक्तात फारसं नसल्यामुळे तो साचत जातो. शिरेतून देतात त्या काही इम्युनोग्लोब्युलिनमध्येसुद्धा माल्टोज घातलेला असतो.

समजा अशा पेशंटची खरी शुगर ६५ आहे, पण पीक्यूक्यू पट्टी १९० दाखवते. घरचे म्हणतात वाढलीय, इन्सुलिनचा डोस देतात, शुगर आणखी खाली जाते, घाम, बरळणं, मग बेशुद्धी, आणि मीटर मात्र अजूनही ‘बरं आहे’ म्हणतंय! ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यावर इशारा काढला, १९९७ पासून अशा १३ मृत्यूंची नोंद होती आणि त्यातले १० जण आयकोडेक्स्ट्रिनवर होते.

नंतर कंपन्यांनी पीक्यूक्यू एन्झाइममध्येच बदल करून माल्टोजची ओढ कमी केली, पण नुसतं ‘जीडीएच’ वाचून काही कळत नाही, डबीतल्या कागदावर जोडीदार कोणता आणि माल्टोजबद्दल काय लिहिलंय ते बघावं लागतं. लक्षणं कमी शुगरची आणि आकडा जास्त, असं जुळेना झालं की शिरेतलं रक्त लॅबला पाठवायचं, तिथल्या हेक्सोकायनेज पद्धतीला माल्टोजने फरक पडत नाही. आणि आयकोडेक्स्ट्रिन बंद केलं म्हणून लगेच जुन्या पट्ट्या वापरायला काढू नयेत, माल्टोज रक्तात साधारण दोन आठवडे रेंगाळू शकतो.