गाडीत पेट्रोलचा वास येतोय? आधी हे वाचा

उन्हात उभी केलेली गाडी उघडताच पेट्रोलचा वास आला आणि चेक इंजिनचा दिवाही लागला, तर बहुतेक जण पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करतात. सुरुवात योग्यच आहे. झाकण टक-टक आवाज येईपर्यंत फिरवा आणि त्याचा रबर चिरला आहे का ते पाहा. मात्र दिवा लगेच विझत नाही. टाकीच्या वाफेची तपासणी गाडी स्वतःच करते, तीही इंजिन थंड असताना आणि टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी नसताना. म्हणून काही दिवस वाट पाहावी लागते.

आमच्या गॅरेजमध्ये उसगावहून आलेल्या एका गाडीत स्कॅनरवर P0455 हा कोड दिसत होता, म्हणजे वाफेच्या मार्गात मोठी गळती. झाकण घट्ट करून कोड पुसला, पण आठवड्याने तो परत आला. मग पर्ज व्हॉल्व्ह पाहिला. टाकीतली वाफ कॅनिस्टर नावाच्या डब्यातला कोळसा धरून ठेवतो; ती वाफ इंजिनकडे सोडणारी झडप म्हणजे हा व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना त्यातून फुंकर जाता कामा नये. या गाडीत ती गेली नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक होता. तो उघडाच अडकला असता, तर पेट्रोल भरल्यावर गाडी सुरू व्हायला त्रास झाला असता.

शेवटी गळती शोधायला वाफेच्या मार्गात अगदी कमी दाबाने धूर सोडला. मागच्या चाकाजवळ कॅनिस्टरपासून बाहेरची हवा आत घेणाऱ्या व्हेंट व्हॉल्व्हकडे जाणाऱ्या नळीच्या वळणावर तो बाहेर आला. रबर कडक होऊन तिथे चीर पडली होती.

पण इथे थांबलो असतो तर काम अर्धवट राहिले असते. ही नळी कोळशाच्या पलीकडे असते, तिथे निव्वळ हवा यायला हवी. तिथूनही वास येतो, याचा अर्थ कोळसा भरून गेला आहे. चौकशी केली तेव्हा कळले, पंपावर नोझल आपोआप बंद झाल्यावरही पैशांचा आकडा पूर्ण व्हावा म्हणून दर वेळी थोडे पेट्रोल आणखी घातले जात होते. ते पेट्रोल द्रवरूपातच वाफेच्या वाटेने कॅनिस्टरमध्ये शिरले. तेथून झिरपणारी वाफ चिरेतून बाहेर येत होती आणि मागच्या बाजूच्या फटींतून केबिनमध्ये जात होती. आम्ही नळी आणि कॅनिस्टर दोन्ही बदलले. एकटी नळी बदलली असती तर कोड गेला असता, वास राहिला असता.

वास कधी येतो ते आम्हाला सांगा: टाकी भरल्यावर, दुपारच्या उन्हात, की चालत्या गाडीत. तपासाचा वेळ वाचतो. पण गाडीखाली पेट्रोलचे थेंब दिसले, तर ती सुरू करू नका, जवळ सिगारेट पेटवू नका. आम्हाला फोन करा, आम्ही तिथेच येऊ.