गोल सीक वापरून अपेक्षित नफ्यासाठी लागणारी विक्रीसंख्या काढणे

विक्री किती होईल हे धरून नफा काढणे हा हिशेबाचा नेहमीचा क्रम आहे. नफा आधी ठरवून त्यासाठी किती नग विकावे लागतील हे शोधणे हा त्याचा उलटा क्रम होय. स्प्रेडशीटमधील गोल सीक ही सोय हे काम नवे सूत्र न मांडता करते: सूत्राचे उत्तर ठरावीक आकड्याशी जुळेपर्यंत ती एका घरातील संख्या बदलत राहते.

त्यासाठी लागणारे प्रतिमान पाच घरांत मावते. समजा, विक्रीची किंमत दर नगाला २५०, बदलता खर्च दर नगाला १६० आणि काळातील स्थिर खर्च ४,५०,००० आहे. विक्रीसंख्येच्या घरात, म्हणजे B4 मध्ये, सुरुवातीला ६,००० हा अंदाज लिहिला आहे.

```
B1  250
B2  160
B3  450000
B4  6000
B5  =B4*(B1-B2)-B3
```

दर नगामागे ९० उरतात, त्यामुळे B5 मध्ये ९०,००० नफा दिसतो. आता नफा ३,००,००० हवा आहे. एक्सेलमध्ये Data या टॅबवरील What-If Analysis मधून Goal Seek उघडल्यावर तीन चौकटी येतात: Set cell मध्ये B5, To value मध्ये 300000 आणि By changing cell मध्ये B4 भरावे. Set cell मध्ये सूत्र असावेच लागते, तर By changing cell मध्ये नुसती संख्या असावी लागते. To value मध्ये घराचा पत्ता चालत नाही, आकडा टंकावाच लागतो. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये हीच सोय Tools या यादीत आहे.

उत्तर येते सुमारे ८,३३३.३३. एवढ्या साध्या प्रतिमानात ते कागदावरही ताडून पाहता येते: स्थिर खर्च आणि अपेक्षित नफा मिळून ७,५०,००० होतात, त्यांना ९० ने भागले की तीच संख्या मिळते. नग अर्धवट विकला जात नाही, म्हणून उत्तर नेहमी वरच्या पूर्णांकाकडे न्यावे. ८,३३३ नगांवर नफा २,९९,९७० म्हणजे थोडा कमीच राहतो आणि ८,३३४ वर ३,००,०६० होतो. हे काम प्रतिमानातच उरकावे म्हणून सूत्रात पूर्णांक करणारे फलन घालण्याचा मोह होतो, पण तो टाळलेला बरा, कारण मग नफा पायऱ्या-पायऱ्यांनी बदलतो आणि नेमका ३,००,००० कुठल्याच पायरीवर सापडत नाही.

भागाकाराने भागत असताना गोल सीक कशाला, हा प्रश्न रास्त आहे. तिची खरी गरज खर्चाची रेषा मोडते तिथे लागते, आणि नेमकी तिथेच ती फसवतेही. समजा, ८,००० नगांपुढे दुसरी पाळी चालवावी लागते आणि स्थिर खर्च ९०,००० ने वाढतो. नफ्याचे सूत्र असे होते:

```
=B4*(B1-B2)-B3-IF(B4>8000,90000,0)
```

३,००,००० साठी आता सुमारे ९,३३३.३३, म्हणजे ९,३३४ नग लागतात. परंतु अपेक्षा २,५०,००० वर आणली, तर दोन उत्तरे बरोबर ठरतात: ७,७७७.७८ आणि ८,७७७.७८. कारण ८,००० नगांवर नफा २,७०,००० असतो, त्यापुढच्या नगाला तो एकदम १,८०,०९० वर घसरतो आणि ९,००० नगांवर पुन्हा २,७०,००० होतो. गोल सीक यांपैकी एकच उत्तर दाखवते. B4 मध्ये आधी ७,००० असेल तर साधारणपणे पहिले आणि ९,००० असेल तर दुसरे. दुसरेही आहे याची सूचना कोठेच मिळत नाही. म्हणून खर्चात अशी उडी असेल तर उडीच्या अलीकडून आणि पलीकडून, असा दोनदा शोध घ्यावा; उत्तरे वेगळी आली की दुहेरी उत्तराचा प्रकार उघडा पडतो.

उत्तर ऋण आले, तर दोष शोधाचा नसून आकड्यांचा असतो. किंमत २५० ऐवजी १५० टंकली गेली, तर प्रत्येक नगामागे १० चा तोटा होतो आणि मूळ प्रतिमानात ३,००,००० नफ्यासाठी उणे ७५,००० नग असे उत्तर निघते. गणित म्हणून ते बिनचूक आहे. विक्री म्हणून निरर्थक.

अचूकतेचीही एक मर्यादा आहे. एक्सेलमध्ये मुळात १०० आवर्तने आणि ०.००१ इतका कमाल फरक धरलेला असतो. नफा रकमेत मांडला असेल तर हा फरक नगण्य असतो. मात्र लक्ष्य नफ्याच्या टक्केवारीचे, समजा ०.२० चे, असेल तर ०.००१ म्हणजे टक्क्याचा दहावा भाग होतो आणि शोध नेमक्या लक्ष्यावर पोहोचण्याआधीच थांबू शकतो. File, Options, Formulas या मार्गाने Maximum Change ची किंमत कमी करता येते.

मिळालेले उत्तर B4 मध्ये नुसती संख्या म्हणून बसते आणि आधीचा अंदाज पुसला जातो. पुढे B2 मध्ये १६० ऐवजी १६५ लिहिले, तर B5 लगेच बदलते, पण B4 जागचे हलत नाही. शोध पुन्हा चालवावा लागतो.