फेरक्रमांकन (नियमावलीचे)

वेळोवेळीच्या दुरुस्त्यांमुळे विस्कटलेले कलमांचे क्रमांक काढून टाकून नियमावलीची प्रकरण, कलम, पोटकलम, खंड अशी उतरंड नव्याने लावण्याचे काम. यात मजकूर तोच राहतो, बदलतो तो फक्त त्याचा पत्ता, असे वरवर पाहता वाटते. पण कोणते वाक्य कोणत्या कलमाच्या पोटात बसवले यावर त्याची व्याप्ती ठरत असल्याने क्रमांक बदलता बदलता नियमही बदलून जाण्याचा धोका असतो.

सांगली जिल्ह्यातील पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाने आणि शिक्षणसंस्था यांच्या सेवानियमांत हा गोंधळ सर्रास आढळतो. मूळ नियमावली एकदा छापली जाते. मग दर दोन-चार वर्षांनी संचालक मंडळ ठराव करते आणि टंकलेखक तो मजकूर जागा सापडेल तिथे चिकटवतो. कुणी ‘१४-अ’ लिहितो, कुणी ‘१४.२’ दुसऱ्यांदा वापरतो, कुणी सरळ शेवटच्या कलमाखाली भर घालतो. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना समास सपाट होतात, आणि कोणती ओळ कशाच्या पोटातली होती हे सांगणारी शेवटची खूणही जाते.

एक नमुना

पुढील उतारा अशा नियमावल्यांच्या धर्तीवर रचलेला आहे. संस्था मिरज-सांगलीकडची एक पतसंस्था समजावी.

> १४. अर्जित रजा
> १४.१ कायम कर्मचाऱ्यास दरवर्षी ३० दिवस अर्जित रजा मिळेल.
> १४.२ रजेचा अर्ज किमान ७ दिवस आधी द्यावा. पुढील प्रसंगी अर्ज नंतर देता येईल :
> (अ) स्वतःचे आजारपण
> (ब) कुटुंबातील मृत्यू
> (क) घरात पुराचे पाणी शिरणे
> अशा वेळी ३ दिवसांच्या आत शाखाधिकाऱ्यास कळवणे बंधनकारक राहील.
> १४-अ. साठलेली रजा ३०० दिवसांच्या पुढे जाणार नाही.
> १४.२ शिल्लक रजेचे रोखीकरण निवृत्तीच्या वेळी करता येईल.
> …
> २२. कलम १४.२ चा भंग हे किरकोळ गैरवर्तन समजले जाईल.
> …
> ३१. कलम १४ ते १६ कंत्राटी कर्मचाऱ्यांस लागू नाहीत.
> …
> ३८-अ. महापुराच्या काळात शाखा बंद असल्यास सर्व कर्मचाऱ्यांस भरपगारी पूररजा मिळेल.

२०१९ च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या एखाद्या संस्थेने ३८-अ सारखे कलम जोडले असेल, तर त्यात नवल नाही.

आधी नाते, मग क्रमांक

अनुभवी माणूस पहिल्यांदा सगळे जुने क्रमांक बाजूला ठेवतो. प्रत्येक परिच्छेदाला तात्पुरता ओळ-क्रमांक देतो आणि त्यासमोर जुना छापील क्रमांक, हा परिच्छेद कशाच्या पोटातला आहे, आणि तो कोणत्या ठरावाने आला, एवढे लिहितो. नवे क्रमांक या तक्त्यातून आपसूक निघतात. त्यांवर आधी डोके चालवणे म्हणजे पाया न पाहता मजले मोजणे.

परिच्छेदाची पातळी समासावरून ठरवू नये, वाक्यरचनेवरून ठरवावी. (अ), (ब), (क) या ओळी स्वतंत्र वाक्ये नाहीत; ‘पुढील प्रसंगी’ या ओळीशिवाय त्यांना अर्थ नाही, म्हणून त्या तिच्याच पोटात जातात. १४-अ हे पूर्ण वाक्य आहे, ते १४.२ च्या पोटातले नाही, त्याच्या बरोबरीचे आहे. अक्षराची शेपटी केवळ मागाहून आल्याची खूण आहे. परंतुक आणि स्पष्टीकरण यांना वेगळा क्रमांक देत नाहीत, ती ज्याला जोडलेली असतात त्याच्यासोबतच राहतात.

खरी अडचण ‘अशा वेळी ३ दिवसांच्या आत’ या ओळीची आहे. यादीच्या शेवटी आलेले असे वाक्य यादीतल्या सगळ्यांना लागू असते की फक्त शेवटच्या ओळीला? ते (क) च्या पोटात घातले तर कळवण्याचे बंधन फक्त पूरग्रस्तावर येते. स्वतंत्र पोटकलम केले तर आजारी माणसावरही येते. नमुन्यातली भाषा दुसऱ्या अर्थाकडे झुकते, पण फेरक्रमांकन करणाऱ्याने निकाल देऊ नये. मूळ ठरावाचे इतिवृत्त काढावे. तिथेही उलगडा झाला नाही तर तो प्रश्न लेखी स्वरूपात मंडळापुढे ठेवावा. शंका गिळून नीटनेटकी यादी करणारा माणूस नकळत नियम बनवत असतो.

मंडळाने सर्वांना लागू असा अर्थ कायम केला, असे धरले तर अर्जित रजेचा भाग असा होतो :

> ५. अर्जित रजा
> ५.१ कायम कर्मचाऱ्यास दरवर्षी ३० दिवस…
> ५.२ (१) रजेचा अर्ज किमान ७ दिवस आधी…
> (२) पुढील प्रसंगी अर्ज नंतर देता येईल : (अ)… (ब)… (क)…
> (३) अशा वेळी ३ दिवसांच्या आत…
> ५.३ साठलेली रजा…
> ५.४ शिल्लक रजेचे रोखीकरण…

उतरंड चार पातळ्यांच्या खाली नेऊ नये. पाचवी पातळी लागत असेल तर बहुधा कलमच दोन करायला हवे असते. पातळीत एकच बाब असेल तर तिला (अ) देण्यातही अर्थ नाही.

अक्षरांचा पेच

मराठीत खंडांसाठी दोन ओळी चालतात. राज्याच्या अनेक कायद्यांत अ, ब, क, ड. केंद्रीय कायद्यांच्या मराठी पाठात क, ख, ग, घ. संविधानातला शिक्षणाच्या हक्काचा अनुच्छेद मराठीत २१क आहे, तर सहकार कायद्यातले ७३ नंतर घातलेले एक कलम ७३अ. त्यामुळे ‘खंड (क)’ म्हणजे एका ओळीत तिसरा आणि दुसरीत पहिला. नियमावली दोन हातांनी लिहिली गेली असेल तर दोन्ही ओळी एकाच पानावर सापडतात. नव्या प्रतीत एकच ओळ ठेवावी आणि ती कोणती हे प्रारंभीच्या कलमात सांगावे. खंडाखाली उपखंड लागलेच तर त्यांना राज्याच्या कायद्यांप्रमाणे (एक), (दोन), (तीन) दिले की अक्षरांशी गल्लत होत नाही.

संदर्भ

क्रमांक बदलल्यावर सर्वांत जास्त पडझड होते ती ‘कलम अमुक प्रमाणे’ अशा उल्लेखांची. नमुन्यातले कलम २२ पाहावे. १४.२ दोन आहेत. रोखीकरणाचा ‘भंग’ होत नाही, म्हणून अर्जाबद्दलचे १४.२ अभिप्रेत आहे हे इथे उघड आहे. तसे उघड नसेल तेव्हा ठरावांच्या तारखा उपयोगी पडतात : कलम २२ लिहिले तेव्हा दुसरे १४.२ अस्तित्वातच नसेल, तर प्रश्न मिटतो.

कलम ३१ अधिक फसवे आहे. रजेविषयीचे सारे नियम एका प्रकरणात आणायचे म्हणून ३८-अ मधली पूररजाही उचलून तिथे नेली, आणि ३१ मध्ये सुटसुटीतपणासाठी ‘रजा प्रकरण कंत्राटी कर्मचाऱ्यांस लागू नाही’ असे लिहिले, की कंत्राटी कर्मचाऱ्याची पूररजा गेली. जुन्या नियमावलीत १४ ते १६ या टप्प्यात ३८-अ नव्हते. ३८-अ मध्ये तर ‘सर्व कर्मचाऱ्यांस’ असे स्पष्ट शब्द होते. कुणी ठराव केला नाही, कुणी शब्द खोडला नाही, तरी हक्क बुडाला. म्हणून ‘अमुक ते अमुक’ असा टप्पा दिसला की त्यात कोणती कलमे येत होती ती एकेक करून मोजावीत, आणि नव्या प्रतीत ती तशीच एकेक नोंदवावीत. वाक्य लांबेल, लांबू द्यावे.

उल्लेख शोधणेही दिसते तितके सोपे नाही. ‘कलम १४’, ‘क. १४’, ‘कलम 14’, ‘चौदाव्या कलमात’, ‘वरील कलमातील तरतुदीस अधीन राहून’ असे ते वेगवेगळ्या वेशात येतात. संगणकाला ५ आणि 5 हे वेगळे वर्ण आहेत. निदान अंकी उल्लेखांसाठी असा शोधनमुना चालतो :

```
(कलम|क\.|नियम)\s*[०-९0-9]+
```

अक्षरी आणि ‘वरील’, ‘मागील’ असे उल्लेख मात्र वाचूनच काढावे लागतात. शिवाय सापडलेला प्रत्येक उल्लेख आपला नसतो. ‘कलम ७३कअ अन्वये अपात्र’ यातला क्रमांक महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधला आहे. त्याला हात लावायचा नाही.

एकामागून एक शोधून बदलण्यात आणखी एक सापळा आहे. १४ चे १५ केले आणि मग १५ चे १६ करायला घेतले, की पहिले बदललेलेही दुसऱ्यांदा बदलतात. यावर उपाय म्हणजे आधी प्रत्येक उल्लेखाला क्रमांक नसलेली तात्पुरती खूण द्यायची, उदाहरणार्थ [रजा-अर्ज], आणि सगळ्या खुणा बसल्यावरच त्यांच्या जागी नवे क्रमांक घालायचे. वर्डमध्ये बहुपातळी यादी शीर्षकशैलींना जोडून उल्लेख क्रॉस-रेफरन्सने घातले तर पुढच्या दुरुस्तीला Ctrl+A आणि F9 पुरते. मूळ कलम पुसले गेले असेल तर त्या जागी `Error! Reference source not found.` उमटते. छपाईआधी हे वाक्य शोधून पाहावे. हाताने टाइप केलेला चुकीचा क्रमांक एवढीही ओरड करत नाही.

तुलनातक्ता आणि पडताळणी

जुना क्रमांक, नवा क्रमांक आणि शेरा अशा तीन रकान्यांचा तक्ता नियमावलीसोबत जोडतात. दोन्ही १४.२ त्यात तारखेसह वेगळे दाखवावे लागतात. वगळलेल्या कलमांचीही ओळ ठेवतात. अशा तक्त्याची गरज सगळ्यांनी अलीकडे अनुभवली : १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची ५११ कलमे जाऊन भारतीय न्याय संहितेची ३५८ आली आणि बोलीभाषेत मुरलेले ४२० हे ३१८(४) झाले. तिथे मजकूरही बदलला होता, म्हणजे ते निव्वळ फेरक्रमांकन नव्हते. पण पोलीस ठाण्यापासून वकिलांच्या टेबलापर्यंत जुन्या-नव्या क्रमांकांचे तक्ते लागले ते याच कारणाने.

पडताळणीसाठी दोन्ही प्रतींतून क्रमांक आणि कलमांचे उल्लेख काढून उरलेला मजकूर संगणकावर ताडून पाहतात. हलवलेले परिच्छेद तक्त्यावरून आधी मूळ क्रमाने लावले, तर मंडळाने मंजूर केलेल्या बदलांखेरीज एकही फरक दिसता कामा नये. त्यानंतर नियमावली न लिहिलेल्या माणसाला प्रत्येक उल्लेखामागे जायला सांगतात. तो ज्या कलमावर पोहोचतो तिथे वाक्याचा अर्थ लागला पाहिजे.

मंजुरी

सेवानियमांचे फेरक्रमांकन मूळ नियम ज्यांनी मंजूर केले त्यांच्याच ठरावाने अमलात येते. संस्थेच्या उपविधींना हात लावला असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १३ नुसार निबंधकाकडे नोंदणी झाल्याशिवाय दुरुस्ती वैध ठरत नाही, मग ती केवळ क्रमांकांची का असेना. ठरावात अंमलाची तारीख लिहितात. त्या तारखेआधी दिलेल्या कारणे दाखवा नोटिसा, करारपत्रे आणि परिपत्रके यांतील जुने क्रमांक बदलत नाहीत; ते तुलनातक्त्याच्या आधारे वाचले जातील, असे एक वाक्य ठरावात घालतात. चौकशी सुरू असलेल्या कर्मचाऱ्याला नव्या क्रमांकाची दुसरी नोटीस काढू नये, कारण तिच्यातून त्याच्यावर नवा आरोप ठेवल्याचा वाद उभा राहतो.