पट्टी मधेच का वाकते? रोटरी कटर वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

दर आठवड्याला कुणीतरी क्विल्टसाठी कापलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा घेऊन येतं आणि म्हणतं, "अडीच इंचाच्याच कापल्यात, मोजून बघा, तरी जोडल्यावर सगळं वाकडं होतंय, कापडातच काहीतरी आहे." आम्ही मोजतो आणि पट्टी खरंच अडीच इंच भरते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ती टेबलावर पूर्ण उघडून ठेवली की दिसतं, बरोबर मधोमध, जिथे घडी होती तिथे, पट्टीला कोपर आल्यासारखी ती वाकलेली असते. रुंदी बरोबर आणि पट्टी वाकडी, दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं हेच बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, म्हणून हा कागद लिहून काढला.

कारण कापडात नसतं, पहिल्या कापात असतं. कापड साधारण ४२ ते ४४ इंच पन्ह्याचं, आपण काठाला काठ लावून घडी घालतो म्हणजे ते २१-२२ इंच होतं आणि २४ इंची रुलरखाली मावतं. आता कापायची कडा घडीशी बरोबर काटकोनात असेल तर उघडल्यावर पट्टी सरळ. पण काप घडीशी जरा जरी तिरका गेला तर वरचा पदर एका बाजूला तिरका आणि खालचा उलट्या बाजूला तिरका कापला जातो आणि उघडलं की मधे कोन. किती? रुलर फक्त १ अंशाने फिरला, जो डोळ्याला अजिबात दिसत नाही, तरी २१ इंचाच्या लांबीत जवळजवळ ३/८ इंचाचा फरक पडतो. म्हणजे उघडलेल्या पट्टीची दोन टोकं एका रेषेत धरली तर मधला भाग ३/८ इंच बाहेर. पाव इंचाच्या शिलाईत हे लपत नाही. ज्यांनी कापड चौपदरी घडी घातलंय त्यांची पट्टी तर नागमोडी येते, तीन ठिकाणी वाकलेली, त्यामुळे हात बसेपर्यंत दोनच पदर घ्या असं आम्ही सांगतो.

आता कापड गुण्यात, म्हणजे कडा घडीशी काटकोनात, कसं आणायचं ते.

आधी घडी. काठाला काठ जुळवून कापड दोन्ही हातांनी समोर धरा, घडी खाली लोंबू द्या, आणि खाली बघा. घडीवर तिरक्या चुण्या दिसल्या तर एक काठ डावी-उजवीकडे सरकवत जा, चुण्या जातात आणि घडी सपाट लोंबते तिथे थांबा. अशा वेळी कापलेल्या कडा एकमेकींवर जुळत नाहीत, एक पुढे एक मागे येते, ते बरोबरच आहे, तिकडे लक्ष देऊ नका. कडा जुळवायच्या नादात घडी पिळली जाते आणि गडबड तिथूनच सुरू होते. कापड धुऊन मऊ पडलं असेल तर आधी थोडी स्टार्च मारून इस्त्री करा, घडी तशीच टिकते.

मग मॅटवर घडी तुमच्याकडे, काठ पलीकडे, कापडाचा मोठा भाग उजव्या हाताला (डावखुऱ्यांनी सगळं उलट). डाव्या बाजूच्या वेड्यावाकड्या कडेजवळ चौकोनी रुलर ठेवा, त्याची खालची रेघ घडीवर तंतोतंत बसवा. त्याच्या डाव्या अंगाला लांब रुलर चिकटवून ठेवा. लांब रुलर दाबून धरून चौकोनी रुलर अलगद काढून घ्या, आणि लांब रुलरच्या उजव्या कडेने घडीपासून काठाकडे कटर फिरवा. कचरा रुलरखाली राहतो, कापड तिथून हलवायचं नाही, लगेच पट्ट्या कापायला सुरुवात. रुलरची अडीच इंचाची रेघ नव्या कडेवर आणि आडवी रेघ घडीवर. माप रुलरवरचंच घ्या, मॅटवरच्या रेघांनी मोजू नका, मॅट कापून कापून आणि उन्हातान्हात थोडी हलते.

जी चूक सगळ्यात जास्त वेळ खाते ती इथे आहे: एकदा गुण्यात आणलं की झालं असं समजून एका दमात पंधरा पट्ट्या कापणं. प्रत्येक कापाबरोबर रुलर केसभर इकडेतिकडे होतो, पदर सरकतात आणि पुढची पट्टी आधीच्या कडेवरून मोजलेली असते, त्यामुळे फरक साठत जातो. पहिल्या तीन सरळ, सहावी जरा वाकलेली, बारावी पार कामातून गेलेली. ओळखायची खूण सोपी आहे. रुलर ठेवलात आणि उभी रेघ कडेवर बसते पण आडवी घडीवर बसत नाही, किंवा उलट, की थांबा. मधलं काहीतरी "अ‍ॅडजस्ट" करू नका, चौकोनी रुलर परत घ्या आणि पाव इंच कापून कडा परत सरळ करा. आम्ही स्वतः दर तीन पट्ट्यांनी करतो, खूण दिसो न दिसो. आणि पहिली पट्टी कापली की ती उघडून रुलरच्या कडेला लावून बघतो, दहा सेकंदांचं काम आहे.

यावरूनच दुसरी तक्रार येते, की कापड कमी भरलं आणि आम्ही काउंटरवर वाकडं कापून दिलं. आमची काउंटरवरची कडा कात्रीची असते, ती गुण्यात असेल असा दावा आम्ही करत नाही आणि ती तशी असायची गरजही नाही, कारण तुम्ही घरी घडी घालाल तेव्हा ती हलणारच. म्हणूनच प्रत्येक मीटरमागे दोन इंच जास्त देतो. हिशोब बघा: मीटर म्हणजे ३९ इंच आणि थोडं वर, अडीच इंचाच्या १५ पट्ट्यांना साडेसदतीस इंच लागतात, उरतात पावणेदोनच्या थोडं वर. पहिल्यांदा कडा सरळ करायला इंचभर जातो, मग दर तीन पट्ट्यांनी पाव पाव इंच, चार वेळा, म्हणजे अजून एक इंच. ते वरचे दोन इंच त्यासाठी आहेत. तरी मोठ्या क्विल्टला मीटरमागे एक पट्टी कमी निघेल असं धरून कापड घ्या. कापलेलं कापड मात्र परत घेता येत नाही, हे इथेच सांगून ठेवते.

आणि वाकलेल्या पट्ट्या फेकू नका! घडीच्या जागी, जिथे कोन आलाय, बरोबर तिथे पट्टी दोन तुकड्यांत कापा. दोन्ही अर्धे सरळच असतात, फक्त मध्ये ते जोडलेले वाकडे होते. नऊ चौकोनी तुकड्यांच्या नाइन पॅचसारख्या ब्लॉकला लहान पट्ट्या सहज चालतात. फार तिरक्या असतील तर कापड उरेबकडे झुकतं आणि ताणलं जातं, तेवढ्या बाजूला ठेवा.

आता शिवण. पट्ट्या जोडायला बसण्याआधी अडीच इंचाचे तीन छोटे तुकडे शेजारी शेजारी शिवून इस्त्री करा आणि मधला तुकडा मोजा, तो दोन इंचच भरायला हवा. कमी भरला तर माया जास्त जातेय. प्रत्येक शिवणीत फक्त १/१६ इंच माया जास्त गेली तर दोन्ही बाजूंचं मिळून १/८ जातं, आणि आठ पट्ट्यांच्या सेटमध्ये सात शिवणी असतात, म्हणजे ७/८ इंच गायब. मशीनच्या प्लेटवर पाव इंचाच्या जागी जाडसर टेप लावलात तरी चालतं, पाव इंची प्रेसर फूट आमच्याकडे मिळतो, पण तुमचं मशीन कोणतं ते सांगा किंवा जुना फूट घेऊन या.

साखळीने शिवताना म्हणजे एक जोडी संपली की धागा न कापता लगेच दुसरी. सुरुवात एका चिंधीवरून करा, नाहीतर पहिल्या जोडीचा कोपरा दात्यांत ओढला जातो. जोडी संपली की एक-दोन टाके मोकळे मारा आणि पुढची जोडी फूटच्या तोंडाशी सरकवा, फूट उचलायचा नाही. शेवट परत चिंधीवर. बसण्याआधी सगळ्या जोड्या सुलट बाजू आत करून एकाच तऱ्हेने रचून ठेवा, गडद रंग कायम वर, शिवायची कडा कायम उजवीकडे. एक जोडी फिरली तर ती शेवटी माळ कापतानाच कळते. टाका दोन ते अडीच मिलिमीटरचा, कारण या शिवणी नंतर आडव्या कापल्या जातात आणि लांब टाके टोकाला उसवतात.

लांब पट्ट्या शिवताना टोकं जुळत नाहीत म्हणून एक ताणून घेऊ नका, जास्तीचं शेवटी कापा. एक शिवण या टोकाकडून घेतली तर पुढची त्या टोकाकडून घ्या, नाहीतर सेट धनुष्यासारखा वाकतो. इस्त्री आधी बंद शिवणीवर ठेवा, मग उघडून गडद बाजूला दाबा, घासू नका. आणि सेटचे आडवे तुकडे कापताना रुलरची रेघ शिवणीवर बसवा, कडेवर नाही. नाइन पॅचचा तीन पट्ट्यांचा सेट साडेसहा इंच भरतो, त्याचे अडीच इंचाचे तुकडे, तीन तुकडे जोडले की साडेसहाचा ब्लॉक.

ब्लेडबद्दल. ४५ एमएमचं ब्लेड एका फेरीत सुमारे १४ सेंटीमीटर चालतं. म्हणून कापात दर १४ सेंटीमीटरवर एखादा धागा राहत असेल तर ब्लेडला एका जागी खाच पडलीये, बहुतेक टाचणीवरून गेलंय, ते बदलाच. सगळीकडेच धागे राहत असतील तर आधी ब्लेड काढून मागचे तंतू आणि धूळ पुसा, मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा, नट जरा सैल करा, तरी नाही तर धार गेली. बोथट ब्लेडने आपण जोर लावतो आणि जोर लावला की रुलर घसरतो आणि हात ब्लेडखाली येतो, नव्या ब्लेडपेक्षा जुनं ब्लेड जास्त कापतं ते असं.

उभं राहून कापा, कटर नेहमी तुमच्यापासून लांब जाणारा. रुलरवर पंजा पसरून बोटं कडेपासून आत, करंगळी रुलरच्या बाहेर, कटरच्या उलट बाजूच्या कडेला टेकवली तर रुलर सरकत नाही. काठापर्यंत हात पोचत नसेल तर कटर जागेवर थांबवून रुलरवरचा हात पुढे चालवत न्या. आणि प्रत्येक कापानंतर, हातातून ठेवण्याआधी, गार्ड बंद. कापडाच्या ढिगाखाली राहिलेल्या उघड्या कटरवरून मी एकदा हात फिरवलाय, चिंध्या गोळा करायला, तळहाताला टाके पडले. तेव्हापासून आमच्या क्लासमध्ये उघडा कटर टेबलावर दिसला की काम थांबवतो, मग कुणी कितीही घाईत असो.

जुनी ब्लेडं कचऱ्यात सुटी टाकू नका. नव्या ब्लेडची डबी असते तिच्यात ठेवा, वर टेप लावा, भरली की आमच्याकडे आणून द्या, आम्ही एकत्र बांधून देतो. ब्लेड घ्यायला येताना पहिली कापलेली पट्टी सोबत आणलीत तर काउंटरवर उघडून बघू, आणि वेळच नसेल तर कापड निवडून सांगा, पट्ट्या आम्ही कापून ठेवतो, दोन दिवस आधी कळवा.