१६३ की १५५? बोलिंगच्या कार्डाचा हिशोब

मावसभावाने अमेरिकेतून बोलिंगच्या स्कोअरकार्डचा फोटो पाठवला. त्या दिवशी तिथलं स्कोअरचं मशीन बंद होतं म्हणून सगळं पेनाने लिहिलेलं, खाली टोटल १६३, आणि सोबत मेसेज की बघ रे बरोबर आहे का. कार्डावर दहा फ्रेमचं, म्हणजे दहा पाळ्यांचं, हे होतं:

```
7/ 9- X X 81 6/ 54 72 X 9/8
```

X म्हणजे स्ट्राइक, पहिल्याच बॉलला दहाही पिन आडव्या. तिरकी रेघ म्हणजे स्पेअर, दोन बॉलमध्ये मिळून दहा, आणि आडवी रेघ म्हणजे शून्य. स्पेअरला दहा अधिक पुढच्या एका बॉलच्या पिना, स्ट्राइकला दहा अधिक पुढच्या दोन बॉलच्या. इथे लोक हमखास गंडतात कारण ते पुढची फ्रेम मोजतात, बॉल नाही. तिसऱ्या फ्रेमचंच बघा, स्ट्राइकनंतर लगेच दुसरा स्ट्राइक, पण त्या फ्रेममध्ये बॉल एकच, मग दुसरा बॉल पाचव्या फ्रेममधून उचलायचा, तो ८. म्हणजे १०+१०+८, झाले २८.

फोटोत एक घोळ होता, दुसऱ्या फ्रेमचा आकडा ९ आहे की ४ ते कळेना (भावाचं अक्षर शाळेपासून असंच). पण पहिल्या फ्रेमखाली १९ लिहिलेत, तिथे स्पेअर आहे, म्हणजे बोनस ९ आणि तोच पुढचा बॉल. दुसऱ्या फ्रेमखाली २८, म्हणजे परत ९च वाढले, दोन्हीकडून जुळलं. अर्थात खालची बेरीजच चुकली असती तर हा अंदाजही गेला असता, म्हणून एकाच जागेवर भरवसा ठेवायचा नाही.

मग मी सगळं पहिल्यापासून केलं: १९, २८, ५६, ७५, ८४, ९९, १०८, ११७, १३७. नवव्या फ्रेमपर्यंत भावाचं अगदी बरोबर. आणि मग एकदम १६३, म्हणजे दहाव्यात २६? दहाव्या फ्रेममध्ये स्पेअर मारला की एकच जादा बॉल मिळतो, तो फार तर दहा पाडेल, त्यामुळे तिथे २० च्या वर जाताच येत नाही. त्याने ८ बोनस म्हणून धरले आणि फ्रेमचे म्हणून परत धरले, १०+८+८. तो बॉल एकदाच मोजायचा, १८. टोटल १५५.

खात्रीसाठी दुसऱ्या वाटेने पण गेलो, दहा फ्रेमच्या नुसत्या पिना मोजल्या, त्या ९६ (शेवटचा जादा बॉल सोडून), आणि बोनस वेगळे लिहिले: ९, १८, ९, ५, १०, ८, म्हणजे ५९. बेरीज १५५च.

भावाला कळवलं. समोरच्या मित्राचे १५८ होते, आणि त्याच्या कार्डात मला एकही चूक सापडली नाही.