माउस अडखळतो: दोष ब्लूटूथचा की यूएसबी ३ चा?

लॅपटॉपच्या एका यूएसबी ३ पोर्टमध्ये एक्स्टर्नल एसएसडी आहे, शेजारच्या पोर्टमध्ये वायरलेस माउसचा डोंगल आहे, कानात ब्लूटूथ हेडफोन आहे आणि वाय-फाय २.४ गिगाहर्ट्झवर चालू आहे. मोठी फाइल कॉपी करायला घेतली की माउस उड्या मारू लागतो आणि आवाज तुटतो. बहुतेक जण हेडफोनवर ठपका ठेवतात, कारण रेडिओ तोच आहे. एसएसडीला तर अँटेनाच नाही, मग तिचा काय संबंध?

संबंध असतो. यूएसबी ३ च्या तारेतून सेकंदाला ५ अब्ज बिट धावतात. इतक्या वेगाने बदलणाऱ्या सिग्नलची ऊर्जा एका ठिकाणी न राहता खालपासून थेट ५ गिगाहर्ट्झच्या जवळपर्यंत पसरते आणि २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यात पूर्ण सापडतो. पोर्ट, केबल किंवा डिस्कच्या कव्हरचं शिल्डिंग कच्चं असेल तर ही ऊर्जा बाहेर गळते. इंटेलने २०१२ साली मोजमापं प्रसिद्ध केली, त्यांत यूएसबी ३ चं उपकरण जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढलेला दिसतो. म्हणजे मूळ गोंगाट उणे ९५ डीबीएम असेल तर तो उणे ७५ होतो. वाय-फायचा सिग्नल उणे ६५ वर जसाच्या तसा असला तरी दोघांतलं अंतर ३० वरून १० डेसिबलवर येतं. स्क्रीनवरच्या वाय-फायच्या काड्या बहुधा सिग्नलची ताकदच दाखवतात, गोंगाट दाखवत नाहीत. त्यामुळे काड्या भरलेल्या आणि वेग मात्र रडतखडत, असं चित्र दिसतं.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी आहे. तो गळका गोंगाट नाही, शिस्तीत चालणारा रेडिओ आहे. हेडफोनला जोडणारं क्लासिक ब्लूटूथ १ मेगाहर्ट्झ रुंदीच्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारतं आणि वाय-फायने व्यापलेले चॅनेल ओळखून टाळतं. वाय-फायचा २० मेगाहर्ट्झचा एक चॅनेल टाळला तरी त्याच्याकडे भरपूर जागा उरते. आसपास वाय-फायचे १, ६ आणि ११ हे तिन्ही चॅनेल गजबजलेले असतील तर मात्र त्याची पंचाईत होते, कारण ब्लूटूथला स्वतःचे किमान २० चॅनेल तरी वापरावेच लागतात. शिवाय अनेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि वेळ वाटून घेतात. मग हेडफोनवर गाणं चालू असताना वाय-फायचा वेग उतरतो, आणि तो बिघाड नसतो.

आता निदान. कॉपी चालू ठेवून आधी ब्लूटूथ बंद करा. माउस तरीही अडखळत असेल तर हेडफोन सुटला. मग एसएसडी केबलसकट काढा. नुसतं ‘इजेक्ट’ पुरत नाही आणि कॉपी थांबवूनही खात्री होत नाही, कारण जागी असलेली यूएसबी ३ ची लिंक डेटा नसतानाही सिग्नल पाठवत राहते. काढताक्षणी माउस सुरळीत झाला, तर गुन्हेगार सापडला. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं तर RSSI म्हणजे सिग्नलची ताकद आणि Noise म्हणजे गोंगाट, हे दोन्ही आकडे दिसतात. डिस्क लावल्यावर RSSI तसाच राहून Noise चा उणे आकडा शून्याकडे सरकला, म्हणजे गोंगाट वाढला, तर शंका उरत नाही.

उपायही वेगवेगळे. यूएसबीच्या गोंगाटावर राउटरचा चॅनेल बदलून काहीच होत नाही, तो सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेलं तर वाय-फाय वाचतं, पण माउसचा डोंगल २.४ वरच राहतो. त्याला हवं अंतर. साध्या यूएसबी २ च्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल अर्धा-एक मीटर लांब, माउसच्या जवळ आणा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं. डिस्क यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावली तरी गोंगाट जातो, पण मग सेकंदाला ४० मेगाबाइटच्या आसपासच कॉपी होते. डिस्कवर रुंद मायक्रो-बी सॉकेट असेल तर त्याच्या मोठ्या भागात जुनी मायक्रो-यूएसबी केबल बसते. कायमचा उपाय म्हणून हे गैरसोयीचं आहे, चाचणीसाठी मात्र उत्तम. ब्लूटूथची अडचण असेल तर वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर नेणं हाच खरा उपाय, तिथे दोघांची गाठच पडत नाही.

कॉर्डलेस फोनबद्दल थोडंच. डेक्ट फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांना दोष देऊ नका. २.४ गिगाहर्ट्झचे जुने फोन मात्र त्रास देतात, आणि त्यांची खूण सोपी आहे: त्रास बोलणं चालू असतानाच होतो आणि डिस्कपासून दूर, घराच्या दुसऱ्या खोलीतही जाणवतो. यूएसबीचा गोंगाट एवढ्या लांब पोचत नाही.