नाव बदललं की निकाल बदलतो का?
भरतीच्या चॅटबॉटची अदलाबदल चाचणी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अंबड-सातपूरच्या गेटवर पूर्वी नुसता ‘ऑपरेटर पाहिजेत’ असा बोर्ड असायचा. आता त्याच बोर्डाखाली क्यूआर कोड असतो. उमेदवार तो स्कॅन करतो, चॅटबॉट त्याला आठ-दहा प्रश्न विचारतो, गुण देतो आणि ठरलेल्या आकड्याच्या वरचे तेवढेच अर्ज तुमच्या एचआरच्या टेबलावर येतात. बाकीचे येतच नाहीत, म्हणून चॅटबॉट कोणावर अन्याय करत असेल तर ते टेबलावर बसून दिसत नाही. निवडलेले पाच जण चांगले निघाले की सगळं ठीक चाललंय असं वाटतं. गळालेल्या पन्नासांत कोण होतं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

तो प्रश्न विचारायचं काम आमचं. रीत साधी आहे. एकच मुलाखत दोनदा द्यायची, शिक्षण, अनुभव, उत्तरं सगळं तेच ठेवायचं आणि फक्त नाव, लिंग किंवा मूळ गाव बदलायचं. निकाल बदलला तर का बदलला हे शोधायचं. ही कल्पना चॅटबॉटच्या आधीची आहे. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. तिथे अर्ज माणसं वाचत होती. चॅटबॉट माणसांनीच लिहिलेल्या मजकुरावर शिकलेला असतो, त्यामुळे तो आपोआप निःपक्षपाती असेल असं धरून चालता येत नाही.

मराठीत नुसतं नाव बदलून भागत नाही

ही गोष्ट आम्ही स्वतः चुकून शिकलो. पहिल्याच कामात आम्ही फक्त नावं बदलली, ‘सुनील’च्या जागी ‘सुनीता’. महिलांचे अर्ज धडाधड गळाले. अहवाल जवळजवळ लिहून झाला होता, तेवढ्यात आमच्यातल्या एकीने संभाषणं उघडून वाचली. सुनीता लिहीत होती, ‘मी फॅनक कंट्रोलरवर काम करतो, ऑफसेट स्वतः टाकतो.’ चॅटबॉटने शेरा मारला होता : ‘माहिती विसंगत वाटते.’ तिथे त्याचं काहीच चुकलं नव्हतं. चाचणीच आमची चुकली होती.

इंग्रजीत ‘मी काम करतो’ आणि ‘मी काम करते’ हे एकच वाक्य असतं. मराठीत लिंग क्रियापदात बसलेलं असतं, तेही सगळीकडे नाही. ‘मी ड्रॉइंग वाचून सेटिंग केलं’ हे वाक्य दोघंही तसंच लिहितात, पण ‘मी दोन वर्षं अंबडला होतो’ बदलावं लागतं. संगणकाने सरसकट ‘करतो’चं ‘करते’ केलं तर ‘सुपरवायझर पहिला पीस चेक करतो’ या वाक्यातला सुपरवायझरही बाई होऊन बसतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक जोडी एक माणूस डोळ्यांखालून घालतो. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही.

नावंही एकेक घेऊन चालत नाही. एकाच नावाला एखाद्या प्रसिद्ध माणसाची सावली असू शकते, त्यामुळे प्रत्येक गटात दहा-बारा नावं फिरवतो. आडनावांत लोक ज्यांवरून जात, धर्म किंवा प्रांत ओळखतात अशी घेतो, कारण मोजायचं तेच असतं. एकाच जोडीतलं एक नाव देवनागरीत आणि दुसरं रोमन लिपीत असं होऊ देत नाही, नाहीतर फरक नावाचा की लिपीचा हे कळत नाही.

चॅटबॉट स्वतःशी तरी सहमत असतो का?

ग्राहकांना सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं ते हे. आजकालच्या बहुतेक चॅटबॉटना तोच प्रश्न, त्याच शब्दांत, दोनदा दिला तर दोनदा वेगळं उत्तर येऊ शकतं. सकाळी ६२ गुण आणि दुपारी ५८ गुण. कट-ऑफ ६० असेल तर तोच उमेदवार सकाळी पास, दुपारी नापास. म्हणून ‘आम्ही नाव बदलून पाहिलं, एकदा फरक पडला’ याला काही अर्थ नाही. ‘पाच वेळा पाहिलं, फरक पडला नाही’ यालाही नाही.

त्यामुळे आम्ही आधी चॅटबॉटची तुलना त्याच्याशीच करतो. सीएनसी ऑपरेटरच्या जागेचं उदाहरण घेऊ. आकडे हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. आम्ही १२० वेगवेगळ्या उमेदवारांची संभाषणं तयार केली : कोणाचं आयटीआय मशिनिस्ट आणि तीन वर्षं अनुभव, कोणाचं टर्नर आणि एक वर्ष, कोणाला मायक्रोमीटर येतो पण प्रोग्राम वाचता येत नाही. मुद्दाम मधल्या फळीतले उमेदवार घेतले. दहा वर्षं अनुभवाचा माणूस कुठल्याही नावाने पास होतो आणि मशिन न पाहिलेला कुठल्याही नावाने गळतो. भेदभाव डोकं काढतो तो कट-ऑफच्या आजूबाजूला, जिथे एक-दोन गुणांनी पारडं फिरतं.

पुरुषाच्या नावाची ही १२० संभाषणं दोनदा चालवली. २२ उमेदवारांचा निकाल दोन वेळा वेगवेगळा आला : १२ जण फक्त पहिल्यांदा पास, १० जण फक्त दुसऱ्यांदा. नाव तेच, शब्द तेच, तरी २२. ही झाली चॅटबॉटची स्वतःची चंचलता.

मग तीच १२० संभाषणं महिलांच्या नावाने, क्रियापदं नीट बदलून चालवली आणि पुरुषांच्या पहिल्या फेरीशी जोडली. आता २६ जोड्यांत निकाल वेगळा आला. बावीस आणि सव्वीस यांत मोठा फरक नाही, आणि इथेच थांबलं तर ‘काही नाही, चालायचंच’ असं म्हणून फाइल बंद होते. पण या २६ जोड्या कुठल्या बाजूला झुकल्या ते बघा. १९ जोड्यांत पुरुष पास आणि बाई नापास, फक्त ७ जोड्यांत उलट. नाणं २६ वेळा उडवलं तर कुठल्याही एका बाजूला १९ किंवा त्याहून जास्त पडणं शंभरातून साधारण तीनच वेळा घडतं. किती निकाल बदलले याला फार महत्त्व नाही, ते कुणाकडे बदलले याला आहे.

तरी आम्ही लगेच बोट दाखवत नाही. एका कामात आठ-दहा वेगवेगळ्या अदलाबदली तपासल्या तर शंभरातून तीनचा योग कुठेतरी आपसूकही जुळून येतो. जिथे झुकाव दिसला तिथे नवे १२० उमेदवार बनवून पुन्हा चालवतो. दुसऱ्यांदाही पारडं त्याच बाजूला गेलं तरच अहवालात लिहितो.

गुणांआधी प्रश्न बघा

कधी कधी गुण सारखेच असतात आणि गडबड संभाषणात असते. आमची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. चॅटबॉटने त्यांत नसलेला प्रश्न विचारला की संभाषण तिथेच थांबतं आणि त्याची नोंद होते. पुरुषाला ‘किती टॉलरन्सवर काम केलंय?’ आणि त्याच टप्प्यावर बाईला ‘घरी कोण कोण आहे? रात्रपाळी जमेल का?’ असं आलं, तर गुण येण्याआधीच फरक सापडला.

रात्रपाळीचा प्रश्न मुळात चूक नाही. महिलांना रात्रपाळीला ठेवायचं तर त्यांची संमती लागतेच. पण पाळीबद्दल विचारायचं तर सगळ्यांना त्याच जागी, त्याच शब्दांत विचारा आणि उत्तर येण्याआधी गुण कापू नका. घरी कोण कोण आहे याचा मशिनशी संबंध नाही.

मूळ गावाच्या चाचणीत एक खोड आहे. उमेदवाराचा पत्ता सिडकोऐवजी सुरगाणा केला आणि गुण घसरले, तर तो अन्याय असेलच असं नाही. पहिल्या पाळीला सुरगाण्याहून रोज येणं खरोखरच कठीण आहे. म्हणून सध्याचा पत्ता सगळ्यांचा सिडकोच ठेवतो, फक्त ‘मूळचे कुठले?’ याचं उत्तर बदलतो : निफाड, मालेगाव, सुरगाणा, गोरखपूर. स्थानिकांना प्राधान्य द्यायचं तुमचं धोरण असेल तर आम्हाला आधी सांगा. ते उघड नियम म्हणून बॉटमध्ये असलं पाहिजे. आडनावावरून त्याने अंदाज बांधणं म्हणजे धोरण नव्हे. बोलीचंही तेच. ‘करतोय’ऐवजी ‘करून राहिलो’ लिहिणाऱ्या वैदर्भीय माणसाला संवादकौशल्यात कमी गुण मिळतात का, हेही जाता जाता तपासतो.

दुरुस्ती, आणि ही चाचणी काय पकडत नाही

झुकाव सापडला की बहुतेकांची पहिली सूचना असते, ‘बॉटला सांगा ना, भेदभाव करू नकोस म्हणून.’ सांगून बघायला हरकत नाही, पण सांगितल्यावर पुन्हा मोजावं लागतं आणि तेवढ्यावर आम्ही विसंबत नाही. दुसरी सूचना, नाव झाकायची. त्याने निम्मं काम होतं, पण ‘करते’ आणि ‘होते’ तिथेच राहतात. आम्ही सुचवतो ते असं : गप्पा मारणारा भाग आणि गुण देणारा भाग वेगळे करा. पहिल्याने संभाषणातून ट्रेड, वर्षं, मशिन, कंट्रोलर, मोजमापाची साधनं, पाळी एवढेच रकाने भरावेत आणि दुसऱ्याला फक्त ते रकाने दिसावेत. मग क्रियापद तिथवर पोचतच नाही. रकाने भरतानाही फरक पडू शकतो, तो आम्ही वेगळा तपासतो.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. तुमच्या बॉटमध्ये ‘कामात दोन वर्षांचा खंड असेल तर दहा गुण वजा’ असा नियम असेल, तर तो सुनीललाही लागतो आणि सुनीतालाही. आमच्या जोड्या बरोबरीत सुटतील. पण बाळंतपणासाठी थांबलेल्या किती जणी त्या नियमात अडकतात हे या चाचणीत दिसणार नाही. दोन वर्षं मशिनपासून लांब राहिलेल्या ऑपरेटरला आठवडाभराच्या सरावाने हात बसतो की नाही, हे तुमच्या शॉप फ्लोअरवरच्या माणसाला विचारून ठरवा.

आम्हाला तुमच्याकडून काय लागतं

चालू भरतीपासून वेगळी ठेवलेली चाचणीची लिंक लागते. आमच्या काल्पनिक सुनीतांना तुमच्या एचआरकडून फोन जाऊ नयेत. जागेचे निकष आणि कट-ऑफ लेखी लागतात. खऱ्या उमेदवारांचे बायोडेटा आम्ही मागत नाही, कृपया पाठवूही नका. एका जागेच्या चाचणीला आठ कामाचे दिवस लागतात, पुन्हा मोजायची वेळ आली तर आणखी चार. अहवालासोबत निकाल बदललेली सगळी संभाषणं जोडीजोडीने मिळतात.

तुमच्या पुरवठादाराने बॉटचं आतलं मॉडेल बदललं की जुना अहवाल बाद धरा, बाहेरून बॉट अगदी तसाच दिसत असला तरी. मॉडेल बदलण्याआधी तुम्हाला लेखी कळवलं जाईल, अशी अट करारात घालून घ्या.